पश्चात्ताप आणि रुखरुख

आपल्या मराठीत चूक झाल्यावर मनाला जे लागते त्याला एक शब्द नाही, निदान तीन आहेत. करायला नको ते केले म्हणून जो जळतो तो पश्चात्ताप. हातातली वस्तू निसटली की वाटते ती हळहळ. आणि करण्यासारखे काही करायचे राहूनच गेले, ते वर्षानुवर्षे दाढेतल्या काडीसारखे सलत राहते, ती रुखरुख. आजचा आपला विषय आयुष्यातल्या मोठ्या निवडीचा आहे. नोकरी धरावी की सोडावी, धंद्यात राहावे की शिकायला बाहेर पडावे, हा तो प्रश्न. त्यासाठी एक रीत सध्या पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. आपण ऐंशी वर्षांचे झालो आहोत अशी कल्पना करावी, त्या वयातून मागे वळून पाहावे आणि ज्या वाटेने कमीत कमी खंत उरेल ती वाट धरावी. रीत ऐकायला सोपी वाटते. पण ती वरच्या तीन शब्दांपैकी नेमका कोणता शब्द मोजते, हे ठाऊक नसेल तर ती माणसाला भलत्याच गावी नेऊन सोडते.

ही रीत या स्वरूपात प्रसिद्ध केली ती अमेरिकेतल्या जेफ बेझोस या गृहस्थांनी. १९९४ साली त्यांचे वय तीस वर्षांचे होते आणि न्यूयॉर्कच्या एका गुंतवणूक पेढीत ते मोठ्या हुद्द्यावर होते. इंटरनेटचा वापर वर्षाला तेवीसशे टक्क्यांनी वाढतो आहे असा एक आकडा त्यांच्या वाचनात आला आणि त्यावरून पुस्तके विकण्याचा धंदा काढावा असे त्यांच्या मनात आले. त्यांनी मालकांना सांगितले. मालक त्यांना बागेत फिरायला घेऊन गेले आणि म्हणाले की कल्पना चांगली आहे, पण ज्याला आधीच चांगली नोकरी नाही अशा माणसाला ती जास्त शोभेल. दोन दिवस विचार करा. वर्ष अर्धे झाले होते. तेव्हाच नोकरी सोडली तर वर्षअखेरचा बोनस बुडणार होता. हा बोनसच माणसाला घोळात टाकतो, असे बेझोस पुढे सांगत. ऐंशीव्या वर्षी तो बोनस आठवणारदेखील नाही, पण इंटरनेटच्या आरंभी आपण त्यात उडी घेतली नाही हे मात्र आठवेल, असा त्यांनी हिशेब केला. धंदा बुडाला तरी प्रयत्न केल्याची खंत वाटणार नाही, हेही त्यांनी त्याच हिशेबात धरले होते. शेवटचे हे वाक्य फार महत्त्वाचे आहे आणि ही गोष्ट सांगणारे बहुतेक लोक नेमके तेच गाळतात.

आता आपल्याकडची एक गोष्ट सांगतो. इतवारीपासून फार दूर नाही अशा जागी, जुम्मा तलावाजवळ, १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली. जागा दलदलीची होती, भराव घालावा लागला. टाटांच्या चरित्रांत असे सांगतात की भांडवलासाठी ते इथल्या एका मारवाडी सावकाराकडे गेले, तेव्हा त्या शेठजींनी नकार दिला. चिखल बुजवायला हा माणूस सोने जमिनीत घालतो आहे, असे त्यांचे मत पडले. गिरणी चालली, वाढली, आणि पुढे त्याच शेठजींना कबूल करावे लागले की त्या माणसाने जमिनीत माती घातली आणि सोने बाहेर काढले. ही झाली रुखरुख. कोणी त्यांचे काही हिसकावून घेतले नव्हते, त्यांच्या तिजोरीतला एक पैसाही गेला नव्हता. केवळ केले नाही, एवढेच.

पण या गोष्टीकडे जरा थांबून पाहा. शेठजींना रुखरुख का लागली? गिरणीचा भोंगा त्यांच्या कानी पडत होता म्हणून. तो कारखाना दलदलीत खचला असता तर हेच शेठजी दिवाळीच्या वहीपूजनाला नातवांना सांगत बसले असते की बघा, आम्ही कसे शहाणे ठरलो. निर्णय तोच, माहितीही तीच. खंत किंवा अभिमान ठरवला तो पुढच्या निकालाने. म्हणून एखाद्या यशस्वी माणसाच्या तोंडून ही रीत ऐकली की मनात एक खूण करून ठेवावी. ज्यांचे धंदे बुडाले ते अशी भाषणे द्यायला बोलावले जात नाहीत.

मग या रीतीत तथ्य काही आहे की नाही? आहे. १९९४ आणि १९९५ साली टॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारून पाहिले. नजीकच्या काळातले विचारले तर लोकांना केलेल्या गोष्टी जास्त टोचतात. सगळ्या आयुष्याकडे पाहून सांगा म्हटले, तर सुमारे चारांतले तिघे न केलेल्या गोष्टीच सांगतात. पुढे चीन, जपान आणि रशियातल्या लोकांना विचारले तेव्हाही कल साधारण तोच दिसला. म्हणजे पश्चात्ताप भडकतो आणि विझतो. रुखरुख मंद असते, पण तिचे तेल संपत नाही.

असे का होते, याची त्यांनी दिलेली कारणे घरगुती आहेत. चूक केली की माणूस ती निस्तरायला लागतो. माफी मागतो, कर्ज फेडतो, निदान 'त्यातून शिकलो' असे म्हणून मनाची समजूत घालतो. न केलेल्या गोष्टीत निस्तरण्यासारखे काहीच नसते. दुसरे असे की त्या वेळची भीती पुढे आठवत नाही. पंचविसाव्या वर्षी जी अडचण डोंगराएवढी होती ती साठीत टेकडी दिसते, आणि माणूस स्वतःलाच विचारतो, बावा, मी तेव्हा घाबरलो काहून? तिसरे कारण मला सगळ्यांत पटते. केलेल्या गोष्टीचा तोटा मोजता येतो, त्याला बेरीज असते. न केलेल्या गोष्टीत काय काय झाले असते याला शेवट नाही. मन दरवर्षी त्यात नवी कलमे घालीत जाते.

आता ही रीत वापरायची कशी ते प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण इतवारीच्या कुठल्याही ओळीत बसेल असे. किराण्याचे घाऊक दुकान. वडील अठ्ठावन्न वर्षांचे. मुलगा सत्तावीस वर्षांचा, पदवीधर, पाच वर्षे गादीवर बसलेला. त्याला पुण्याला दोन वर्षांच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला आहे. खर्च सहा लाख. त्याचा जीव त्यात आहे. दुकानाचे पुढे काय होईल हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. गिऱ्हाईक कळमन्याकडे आणि फोनवरच्या खरेदीकडे वळले तर ओळ ओसरेल. नाही तर आहे तशी चालत राहील.

अशा वेळी कागदावर एक कोष्टक मांडायची पद्धत आहे. १९५१ साली लिओनार्ड सॅव्हेज या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने ती सुचवली. वाटा आडव्या ओळींत लिहायच्या आणि नशिबाच्या शक्यता उभ्या रकान्यांत. समजा मुलाने शंभर रात्री विचार करून समाधानाचे गुण असे दिले. पुण्याला गेला आणि इकडे ओळ ओसरली, तर आठ गुण; ओळ टिकली, तर चार. दुकानातच राहिला आणि ओळ ओसरली, तर तीन. टिकली, तर सहा. आता प्रत्येक रकान्यात सर्वांत चांगला गुण कोणता ते पाहायचे आणि आपण त्यापेक्षा कितीने कमी पडलो ते लिहायचे. ही तूट म्हणजेच खंत. ओळ ओसरली तर पुण्याला गेलेल्याची खंत शून्य आणि राहिलेल्याची पाच. ओळ टिकली तर राहिलेल्याची शून्य आणि गेलेल्याची दोन. पुण्याच्या वाटेवर जास्तीत जास्त खंत दोन, दुकानाच्या वाटेवर पाच. ज्या वाटेची जास्तीत जास्त खंत कमी, ती वाट धरायची. कोष्टक म्हणते, पुण्याला जा.

इतके झाल्यावर मुलाचा मामा येतो आणि म्हणतो, अरे, तिसरीही एक वाट आहे. कर्ज काढून मोठे गोदाम घे आणि धंदा दुप्पट कर. ओळ टिकली तर दहा गुण, ओसरली तर जेमतेम एक. हे कलम कोष्टकात घाला. ओळ टिकली या रकान्यातला उत्तम गुण आता दहा झाला. म्हणून त्या रकान्यात पुण्याला गेलेल्याची खंत सहा होते आणि दुकानात राहिलेल्याची चार. ओळ ओसरली तर पूर्वीप्रमाणेच शून्य आणि पाच, आणि गोदामवाल्याची सात. आता प्रत्येक वाटेची जास्तीत जास्त खंत पाहा: पुणे सहा, दुकान पाच, गोदाम सात. कोष्टक म्हणते, दुकानातच राहा!

गंमत ध्यानात आली का? पुण्याचे गुण बदलले नाहीत, दुकानाचे बदलले नाहीत, गोदामाची वाट तर निवडलीही गेली नाही. केवळ मामाने तिचे नाव काढले, तेवढ्यावर उत्तर फिरले. संख्याशास्त्रज्ञांना या पद्धतीतला हा दोष माहीत आहे. पण आपल्या दृष्टीने तो नुसता गणिताचा दोष नाही. माणसाची खंत खरोखरच अशी वागते. जी वाट डोळ्यांसमोर नाही तिची खंत होत नाही. कोणी ती दाखवली की आपण लगेच तिच्याशी तुलना करायला लागतो. म्हणून खंतीचा हिशेब करण्याआधी ठरवावे लागते की कोणत्या वाटा माझ्या खऱ्या आहेत आणि कोणत्या दुसऱ्याने माझ्या ताटात वाढल्या आहेत. हा मुलगा कर्जाचे गोदाम कधीही घेणार नसेल तर ते कलम खोडावे. मामांना वाईट वाटेल, वाटू द्यावे.

आता ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला बोलवू या. तो येऊन करतो काय? कोष्टकातले आकडे पुसून पुन्हा लिहितो. दोन वर्षांची गैरसोय, पुण्याची भाड्याची खोली, सोबतचे मित्र तोवर पगारावर लागले याची लाज, ही सगळी कलमे तो काढून टाकतो, कारण पन्नास वर्षांनी ती उरत नाहीत. बेझोसचा बोनस याच वर्गातला होता. या कामात म्हातारा पटाईत आहे आणि एवढ्यासाठीच त्याला बोलवावे. पण तो आणखी एक गोष्ट करतो ती चुकीची. कर्जाचे हप्ते, आईचे आजारपण, लग्न लांबणीवर पडल्याने घरात झालेली बोलाचाली, हेही तो लहान करून टाकतो. ते लहान नसते. ते भोगायचे असते तिशीत, ऐंशीत नव्हे. खंत सोसणारा आणि निर्णय घेणारा एकच माणूस आहे असे आपण धरून चालतो, पण मधल्या पन्नास वर्षांचे दिवस कोणी तरी जगायचेच असतात.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. आपण जो म्हातारा कल्पनेत उभा करतो तो बहुधा आपणच असतो, केस तेवढे पांढरे केलेले. २०१३ साली क्वॉइडबाख, गिल्बर्ट आणि विल्सन या संशोधकांनी अठरा ते अडुसष्ट वर्षांच्या एकोणीस हजारांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. गेल्या दहा वर्षांत आपण पुष्कळ बदललो असे सगळ्या वयांचे लोक सांगत होते. पुढच्या दहा वर्षांत मात्र फारसे बदलणार नाही असेही तेच लोक म्हणत होते. मग सत्तावीस वर्षांच्या मुलाने रंगवलेला ऐंशी वर्षांचा म्हातारा सत्तावीस वर्षांच्याच हौशी बोलणार, यात नवल काय? याला उतारा साधा आहे. कल्पनेतला म्हातारा पुरेसा नाही, खरे म्हातारे गाठावेत. ज्यांनी तीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न सोडवला, असे दोघे शोधावेत, एक गेलेला आणि एक राहिलेला, आणि दोघांना एकच प्रश्न विचारावा: तेव्हा ज्याची भीती वाटत होती त्यातले काय खरे झाले, आणि ज्याचा विचारही केला नव्हता असे काय आडवे आले? 'खंत वाटते का' असे सरळ विचारू नये. त्याला माणूस घरच्यांच्या देखत उत्तर देतो.

हिशेब बिघडला आहे हे ओळखायच्या दोन खुणा सांगतो. ऐंशीव्या वर्षाचे चित्र रंगवताना त्यात हार, सत्कार आणि नातेवाइकांचे वाखाणणे ऐकू येत असेल तर तुम्ही खंत मोजत नाही, यश मोजत आहात. तेव्हा बेझोसचे ते गाळलेले वाक्य घ्यावे. वाट धरली आणि काम बुडाले, असे आधीच मानून चालावे. आणि त्या बुडालेल्या धंद्याचा म्हातारा काय म्हणतो ते ऐकावे. तो 'बरे झाले, करून पाहिले' असे म्हणत असेल तर वाट खरी. तो गप्प राहिला तर ओढ त्या कामाची नव्हती, त्याच्या फळाची होती. दुसरी खूण अशी की चित्रात फक्त सोडलेली जागा दिसते, नवे काम दिसत नाही. गादी सोडली, वडिलांना उत्तर दिले, गाडीत बसलो, इथवर सगळे स्पष्ट. पण पुण्यातल्या एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी दहा वाजता आपण नेमके काय करीत आहोत, हे मात्र डोळ्यांपुढे येत नाही. तसे असेल तर ती पुण्याची ओढ नाही, इतवारीचा कंटाळा आहे. आणि कंटाळ्याला दुसरे औषध असते.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट तपासायची असते आणि ती खंतीच्या कोष्टकात बसत नाही. परतीचा दरवाजा उघडा आहे का? बेझोसला तो होता. धंदा बुडाला असता तरी तशा कर्तबगार माणसाला न्यूयॉर्कमध्ये पुन्हा नोकरी मिळायला अडचण नव्हती. आईवडिलांनी सुमारे अडीच लाख डॉलर दिले, तेव्हा त्याने त्यांना आधीच सांगून ठेवले होते की हे पैसे बुडण्याची शक्यता शेकडा सत्तर आहे. बुडाले असते तर दुःख झाले असते, पण घर उघड्यावर पडले नसते. आपल्या मुलाचे सहा लाख दुकानाच्या साठ्यातून निघत असतील आणि वडील अजून दोन वर्षे गादी सांभाळू शकत असतील, तर त्याचाही दरवाजा उघडा आहे. तेच पैसे राहत्या घरावर बोजा चढवून आणायचे असतील, तर ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला त्यात मत देऊच नये. जिथे एका फटक्यात सर्वस्व जाऊ शकते तिथे खंत मोजण्यात अर्थ नाही. तिथे धोका मोजावा.

दरवाजा काही सारखा उघडा राहत नाही, हेही पाहावे लागते. एम्प्रेस मिलचे पहिले व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आले होते. सूत कातण्याच्या धंद्याची त्यांना माहिती नव्हती. तशी जागा दर पाच वर्षांनी निघत नाही. त्या वेळी ती निघाली होती आणि त्यांनी ती घेतली. शिक्षणाचा प्रवेश मात्र बहुधा पुढच्या वर्षीही मागता येतो. म्हणून आपल्या मुलाने कोष्टकात आणखी एक वाट लिहावी: एक वर्ष थांबणे. ती त्याची स्वतःची आहे, मामाची नव्हे. त्या वर्षात चुलतभावाला वसुली आणि खतावणी शिकवता येईल, सहा लाखांतले दोन बाजूला पडतील, आणि पुण्याला चार-दोन वेळा जाऊन तो मंगळवार डोळ्यांनी पाहून येता येईल. थांबण्याची खंत किती, हेही मात्र आकड्यातच लिहावे, आणि थांबण्याची तारीखही. तारीख न घातलेले थांबणे पुढे रुखरुखच होते.

राहिले वडील. या कोष्टकात आतापर्यंत एकाच माणसाचे ऐंशीवे वर्ष धरले आहे. वडील ऐंशीचे होतील तेव्हा मुलगा एकोणपन्नास वर्षांचा असेल. मुलाला अडवल्याची रुखरुख त्यांना लागेल, की त्याला जाऊ दिल्याचा पश्चात्ताप होईल, हे कोणी त्यांना विचारलेले नाही. मुलाने विचारावे. दुकानात नव्हे, रात्री रोजमेळ मिळाल्यावर, फळ्या लावून घराकडे चालता चालता. असले उत्तर समोरासमोर बसून दिले जात नाही, आणि ते पहिल्याच दिवशी मिळेल असेही नाही.